‘लग्नाआधी गायनॅककडे जाऊ नका’ या मेसेजला एका डॉक्टरचं उत्तर

फिरत असलेला मेसेज असा आहे:

“मुलींनो, लग्नाआधी गायनॅककडे जाऊच नका. नको ते प्रश्न विचारतात, आतून तपासतात, त्यात पडदा फाटला की पुढे लग्नाला अडचण. वर सगळं घरी कळतं. पाळीच्या तक्रारी लग्न झालं की आपोआप बंद होतात. शेअर करा, एखादीचं आयुष्य वाचेल.”

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. असले मेसेज वाचून दवाखान्यात यायचं लांबवलेल्या मुली माझ्यासमोर बसतात, तेव्हा त्यांचा त्रास बराच पुढे गेलेला असतो. म्हणून एक नेहमी दिसणारं उदाहरण धरून क्रमाने सांगते. मुलगी 20 वर्षांची, पुण्यात होस्टेलवर राहणारी. पहिली पाळी तेराव्या वर्षी आली. आधी पाळी महिना-सव्वा महिन्याने यायची, गेल्या वर्षभरात दोन-दोन महिने लांबायला लागली. हनुवटीवर जाड केस येताहेत. आणि आता तीन महिने उलटले तरी पाळीचा पत्ता नाही.

प्रश्नांपासून सुरुवात करू. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कोणता, रक्तस्राव किती दिवस चालतो, दिवसाला किती पॅड लागतात, गाठी पडतात का, दुखण्यामुळे कॉलेज बुडतं का, वजन वाढलंय का, घरात कुणाला थायरॉइड किंवा मधुमेह आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत का. बहुतेक वेळ यातच जातो. मागच्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा मोबाइलमध्ये लिहून आणल्या तर डॉक्टरचं अर्धं काम होतं.

खटकतो तो एकच प्रश्न: शरीरसंबंध आलेत का? तीन महिने पाळी चुकलेल्या मुलीला हे विचारावंच लागतं, कारण गर्भ राहिला असेल तर पुढची प्रत्येक तपासणी आणि प्रत्येक गोळी बदलते. पांढरं जाण्याची तक्रार असेल तर कुठला जंतुसंसर्ग शोधायचा हेही याच उत्तरावर ठरतं. आमच्यातले बरेच डॉक्टर संकोचापोटी याऐवजी “लग्न झालंय का?” असं विचारतात. ते मला मान्य नाही. लग्न झालंय की नाही यावरून वैद्यकीयदृष्ट्या काहीच कळत नाही, आणि मुलीला वाटतं की आपल्या चारित्र्याची चौकशी चाललीय. तुम्हाला असं विचारलं गेलं तर रोख शरीरसंबंधांकडे आहे हे समजून खरं उत्तर द्या. सांगायचं नसेल तर “यावर बोलायचं नाही” असंही म्हणता येतं. मग डॉक्टर बहुधा लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करायला सांगतील. पाळी इतकी लांबलेली असेल तर “नाही” असं उत्तर दिलं तरीही ती सांगितली जाते. त्यात अविश्वास नाही, हॉर्मोनची गोळी देण्याआधी घेतलेली ती खबरदारी आहे.

आई शेजारी बसलेली असेल तर खरं बोलणं अवघड जातं, हे आम्हालाही कळतं. म्हणून पुष्कळ डॉक्टर तपासणीच्या वेळी आईला बाहेर थांबायला सांगतात आणि पडद्याआड हाच प्रश्न हळू आवाजात पुन्हा विचारतात. त्यांनी स्वतःहून केलं नाही तर “मला दोन मिनिटं एकटीने बोलायचंय” एवढं म्हणायला हरकत नाही.

आता तपासणी. या मुलीचं वजन, उंची, रक्तदाब घेतला जाईल. पापणी खाली ओढून रक्त कमी आहे का ते बघतील, गळ्यावर थायरॉइडची सूज चाचपतील. मानेमागची त्वचा काळसर, मखमलीसारखी जाड झालीय का तेही पाहतील, कारण ती इन्शुलिनचं काम बिघडल्याची खूण असते. मग टेबलावर झोपवून, सलवारची नाडी थोडी सैल करून ओटीपोट हाताने दाबून बघतील. संबंध आलेले नसतील तर तपासणी सहसा इथेच संपते. अशा मुलीची आतून तपासणी करत नाहीत, कारण तिच्या तक्रारीचं उत्तर त्याशिवाय मिळतं.

ते उत्तर बरंचसं रक्ताच्या तपासण्यांतून आणि पोटावरच्या सोनोग्राफीतून येतं. सोनोग्राफीसाठी तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी रोखून धरायची असते. भरलेली लघवीची पिशवी आतड्यांना बाजूला सारते आणि तिच्यातून गर्भाशय व बीजकोश नीट दिसतात. ती पुरेशी भरली नसेल तर डॉक्टर आणखी पाणी पिऊन थांबायला सांगतात, आणि एवढ्यासाठी घाबरलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. सोनोग्राफीचा आणखी एक प्रकार योनीमार्गातून करतात, त्यात चित्र अधिक स्पष्ट येतं. संबंध आलेले नसतील तर तो करत नाहीत. तरीही सेंटरवर गर्दीत चूक होऊ नये म्हणून कपडे बदलण्याआधीच “पोटावरूनच करायची आहे ना?” असं विचारून घ्या.

संबंध आलेले असतील आणि आतून तपासायची गरज पडली, तर डॉक्टरने आधी कारण सांगायचं, तुमची परवानगी घ्यायची आणि तपासताना खोलीत एक बाई हजर ठेवायची. डॉक्टर पुरुष असेल तर बाई हजर ठेवणं टाळता येणारच नाही. तुम्ही नाही म्हणू शकता, आणि मध्येच “थांबा” म्हटलं तर थांबावं लागतं. न सांगता, न विचारता कुणी हे करत असेल तर ती वाईट वैद्यकी आहे. असे डॉक्टर नाहीतच, असं मी म्हणणार नाही. तिथून उठून दुसरीकडे जा.

पडद्याच्या भीतीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण खरी दहशत तिथे आहे. योनीच्या तोंडाशी असलेली ती त्वचेची पातळ घडी आहे, सीलबंद झाकण नव्हे. तिला जन्मापासूनच छिद्र असतं, त्यातूनच तर पाळीचं रक्त बाहेर येतं. तिचा आकार प्रत्येकीत वेगळा असतो, आणि तिच्याकडे बघून संबंध आलेत की नाहीत हे कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं जाहीर केलं. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने 2019 मध्ये ‘कौमार्याची लक्षणं’ हा भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून काढला. बलात्कारपीडितेच्या योनीत बोटं घालून तिला आधी संबंध आलेत का ते ठरवू पाहणारी ‘दोन बोटांची चाचणी’ करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2022 मध्ये सांगितलं. जी गोष्ट तपासून कळतच नाही, ती पुढे लग्नाच्या वेळी कुणाला कशी कळणार?

क्वचित एखाद्या मुलीत या घडीला छिद्रच नसतं. चौदा-पंधरा वर्षांची झाली तरी पाळी येत नाही, पण दर महिन्याला ओटीपोटात कळा येतात, कारण रक्त आत साठत राहतं. बाहेरून नुसतं बघून आणि पोटावरच्या सोनोग्राफीने ते ओळखता येतं, आणि छोट्या शस्त्रक्रियेने सुटतं. “लग्नाआधी नको” म्हणून हे लांबवलं तर ती मुलगी महिनोन्‌महिने कळा सोसत राहते.

घरी कळण्याची काळजी मात्र मी उडवून लावणार नाही. वय 18 पूर्ण असेल तर तुमच्या तपासणीला तुमचीच संमती लागते, आई-वडिलांची सही लागत नाही. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाची गुपितं फोडणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे. न्यायालयाचा आदेश किंवा कळवणं बंधनकारक असलेला साथरोग यांसारखे मोजकेच अपवाद आहेत. प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि गर्भपाताचा निर्णय झाला तरी सज्ञान मुलीची स्वतःची संमती पुरते. तिचं नाव अनधिकृतपणे उघड करणाऱ्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

पण माझ्या अनुभवात घरी कळतं ते डॉक्टरच्या तोंडून नाही, मोबाइल नंबरवरून. केसपेपर काढताना मुली सवयीने वडिलांचा नंबर देतात, मग लॅबचा रिपोर्ट थेट त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जातो आणि त्यात प्रेग्नन्सी टेस्टची ओळ असते. निकाल निगेटिव्ह असला तरी घरात गहजब होतो. तेव्हा दवाखान्यात, लॅबमध्ये आणि सोनोग्राफी सेंटरवर, तिन्ही ठिकाणी स्वतःचा नंबर द्या. घरच्यांच्या सामायिक अ‍ॅपवरून तपासण्या बुक करू नका. वडिलांच्या विम्यातून खर्च मागायचा असेल तर बिलावर प्रत्येक तपासणीचं नाव येतं, हे आधी लक्षात घ्या. काउंटरवर सगळ्यांसमोर तक्रार विचारली तर “डॉक्टरांनाच सांगते” म्हणा.

अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी एक खरी मर्यादा आहे आणि ती लपवणं चुकीचं होईल. शरीरसंबंध आल्याचं समजलं, तर ते दोघांच्या मर्जीने असले तरी पॉक्सो कायद्याखाली डॉक्टरला कळवावं लागतं. गर्भपाताच्या बाबतीत मुलगी आणि पालकांनी विनंती केली तर या कळवण्यात तिची ओळख देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं. नुसती पाळीची तक्रार असेल तर यातलं काहीच लागू होत नाही. सरकारी रुग्णालयांत 10 ते 19 वयोगटासाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतात, तिथेही जाता येतं.

राहिलं लग्नाचं औषध. पहिल्या बाळंतपणानंतर काहींचं पाळीत दुखणं कमी होतं, समजूत बहुधा तिथून आली असावी. आपल्या उदाहरणातल्या मुलीला त्याचा काही उपयोग नाही. लांबलेली पाळी आणि जाड केस यांवरून पीसीओएसची, म्हणजे हॉर्मोन बिघडून बीजकोशातून बीज वेळेवर न सुटण्याच्या विकाराची शंका येते. आधी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासून ती कारणं बाजूला काढायची, मग टेस्टोस्टेरॉन आणि साखर बघायची. इथे एक चूक फार होते: सोनोग्राफीच्या कागदावर ‘पीसीओ’ लिहिलं की मुलगी रडत येते. पहिल्या पाळीनंतरच्या आठ वर्षांत निरोगी मुलींच्या बीजकोशातही खूप बारीक पुटकुळ्या दिसतात, म्हणून 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात या काळात सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये असं म्हटलंय. या मुलीला पाळी येऊन सातच वर्षं झालीत. तिचं निदान लक्षणांवरून आणि रक्तावरून होईल.

पाळी वारंवार तीन-तीन महिने लांबली तर गर्भाशयाचं अस्तर आतच जाड होत राहतं. पुढे अचानक खूप रक्तस्राव होऊ शकतो, आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह आल्यावर तिला पाच ते दहा दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या मिळतील. काहींना पुढे काही महिने एकत्रित हॉर्मोनच्या गोळ्या देतात. त्यांच्या पाकिटावर ‘गर्भनिरोधक’ असं छापलेलं असतं आणि ते घरी कुणी पाहिलं की नवाच गोंधळ होतो. आईला सांगायचं असेल तर डॉक्टरकडूनच ऐकवा, नसेल तर प्रिस्क्रिप्शनवर कारण लिहून घ्या. अर्धशिशीत डोळ्यांसमोर चमचम होत असेल किंवा घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, तर या गोळ्या सुरू करण्याआधी ते सांगा, कारण पहिल्या बाबतीत त्या चालत नाहीत आणि दुसऱ्या बाबतीत जपून ठरवावं लागतं. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या संपल्यावर बहुतेकींना आठवड्याभरात पाळी येते. दोन आठवडे झाले तरी आली नाही तर वाट बघत न बसता पुन्हा दाखवा.