नऊ त्रेचाळीसचा मुहूर्त

गेल्या रविवारी ऑप्शन ट्रेडिंगच्या क्लासमधल्या सरांचा मेसेज आला. "मार्केट बदललंय. उद्यापासून ९:४३ ऐवजी १०:०७ आणि स्टॉपलॉस २७ ऐवजी ३१ टक्के." खाली नवा ग्राफ, घाट चढावा तसा वर जाणारा. जुन्या आकड्यांवर तीन महिन्यांत माझे ८६ हजार गेले, त्याबद्दल अवाक्षर नाही. तेव्हा म्हटलं, सरांकडून शिकलेली ही विद्या स्वतःपाशी दडवून ठेवणं बरं नव्हे. तुम्हालाही दादरच्या एखाद्या हॉलमध्ये कोमट चहा आणि गार वड्यांच्या साक्षीने अठरा हजारांना स्ट्रॅटेजी विकायची असेल, तर नीट वाचा.

सगळ्यात आधी साधीच कल्पना घ्या. सकाळी निफ्टीचे ॲट द मनी, म्हणजे निफ्टीच्या चालू आकड्याजवळचे, कॉल आणि पुट दोन्ही विकायचे, दोघांना वेगवेगळा स्टॉपलॉस, म्हणजे भाव ठरावीक टक्के चढला की तोटा घेऊन सुटायची ऑर्डर, लावायचा, दुपारी बाहेर पडायचं. हा स्ट्रॅडल आता डोंबिवली फास्टमध्ये उभ्या असलेल्या कुणालाही येतो. त्यामुळे तो विकला जाणार नाही. त्याला दागिने घाला. एंट्री ९:१६ पासून ११:१५ पर्यंत मिनिटामिनिटाला तपासा: १२० वेळा. स्टॉपलॉस १० ते ६० टक्के: ५१ आकडे. बाहेर पडायच्या आठ वेळा. शिवाय एखादा वार गाळायचा की नाही, त्याचे सहा पर्याय. गुणाकार २,९३,७६० येतो. त्यातला जो ग्राफ सगळ्यात देखणा, तोच तुमचा "अनुभवातून आलेला सेटअप".

इतकी माणसं बसवायला नऊ वानखेडे लागतील. प्रत्येकाला नाणं उडवायला सांगितलं, तर त्यातला एखादा लागोपाठ सोळा वेळा छापा काढणारच. (शेजारशेजारचे आकडे एकमेकांचे भाऊबंद असल्यामुळे खरे स्वतंत्र प्रयत्न यापेक्षा कमी भरतात, हे मान्य. तरी एखादं वानखेडे सहज भरेल.) त्या भाग्यवंताला स्टेजवर बोलवा आणि "नाणं कसं उडवावं" यावर वर्ग घ्यायला लावा.

नफा दाखवताना शेजारचे आकडे दाखवू नका.

हे मी उगाच सांगत नाही. पैसे गेल्यावर मी एक-मिनिटाचा डेटा घेऊन सरांची पाच वर्षं, २०२० ते २०२४, पुन्हा चालवली. ९:४३ आणि २७ टक्क्यांवर ४,१०० पॉइंट, अगदी सरांनी सांगितले तेवढेच. ९:४२ ला १,३५०. ९:४४ ला १,१००. स्टॉपलॉस एकच टक्का खाली, २६ केला, की १,९००. एका मिनिटाने असं काय बिघडतं म्हणून दिवस न् दिवस काढून पाहिला, तर जवळजवळ सगळा फरक अकरा दिवसांत सापडला. त्यातला एक दिवस असा: कॉल ११२ ला विकला, २७ टक्क्यांचा स्टॉपलॉस १४२.२५ वर. त्या दिवशीचा उच्चांक १४१.९०. पस्तीस पैशांनी वाचला आणि संध्याकाळी वीसवर आला. २६ टक्क्यांचा स्टॉपलॉस १४१ च्या आसपास उडाला असता. म्हणजे पाच वर्षांच्या अभ्यासाचं सार काय, तर पस्तीस पैसे! आणि खऱ्या बाजारात ती पस्तीस पैशांची फट तुमच्या वाट्याला येईलच असं नाही, कारण तुमची एंट्री मिनिटाच्या ठोक्याला थोडीच होते? माझी तर कुर्ला आणि दादरच्या मध्ये, नेटवर्क असेल तेव्हा होते.

वार गाळण्याची सोयही जरूर वापरा. सर म्हणायचे, "बुधवारी ट्रेड नाही." का, तर जुन्या डेटावरच्या बॅकटेस्टमध्ये बुधवार तोट्यात. तेव्हा निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी, म्हणजे ऑप्शनची मुदत संपणं, गुरुवारी असे, म्हणून बुधवार हा एक्सपायरीच्या आदला दिवस. सप्टेंबर २०२५ पासून एक्सपायरी मंगळवारी गेली, म्हणजे बुधवार आता नव्या आठवड्याचा पहिला दिवस झाला. बुधवार, बुधवार राहिलाच नाही! नियम मात्र तसाच. एक्सपायरीला किती दिवस उरलेत ते मोजायचं सोडून कॅलेंडरवरचं नाव धरून बसायचं, यालाच शिस्त म्हणतात.

आता सर्वांत महत्त्वाचा सल्ला: वॉक-फॉरवर्डच्या वाटेला जाऊ नका. फार वाईट असतं ते. त्यात पहिल्या बारा महिन्यांच्या डेटावर सर्वोत्तम आकडे निवडायचे, ते पुढच्या तीन महिन्यांवर, म्हणजे निवडताना न पाहिलेल्या दिवसांवर, हात न लावता चालवायचे. मग सगळी चौकट तीन महिने पुढे सरकवायची, पुन्हा निवडायचं, पुन्हा न पाहिलेल्यावर चालवायचं. पाच वर्षांत असे सोळा तुकडे मिळतात. फक्त ते न पाहिलेले तुकडे जोडून जो ग्राफ येतो, तोच खरा. मी काढला. सोळांपैकी सहा तुकडे नफ्यात, दहा तोट्यात. निवडीच्या काळात वर्षाला सरासरी १,१५० पॉइंट दिसायचे, पुढे हातात पडले ९५. आठ टक्के! निदान निम्मं टिकावं असा ढोबळ अंदाज धरतात. ९५ पॉइंट म्हणजे ट्रेडच्या दिवसाला अर्धा पॉइंट, आणि त्यातून अजून चार ऑर्डरींचं ब्रोकरेज, एसटीटी आणि स्लिपेज जायचंय.

त्याहून बोलका होता निवडलेल्या आकड्यांचा तक्ता. एका तुकड्यात ९:४३, पुढच्यात १०:५८, मग ९:१९. स्टॉपलॉस २७ वरून ५४, तिथून १३. खरंच काही दम असता, तर आकडे थोडेफार इकडेतिकडे हलले असते, असे बेडकासारख्या उड्या मारत बसले नसते. पहिल्या निवडीत तर मार्च २०२० आहे, दोनदा लोअर सर्किट लागलेला, बाजाराची अस्थिरता मोजणारा इंडिया विक्स ८० च्या वर गेलेला महिना. त्या महिन्याला शिवलेला सदरा २०२१ ला घालायचा!

हे सगळं सरांना पाठवलं. उत्तर आलं, "बारा-तीन नको, नऊ-एक घ्या, त्यात छान येतं." म्हणजे आता चौकटीची लांबीही फिरवायची, छान येईपर्यंत! अहो, मग ती परीक्षा कसली? पेपर आधी पाहून, आवडला नाही म्हणून दुसरा मागवायचा? हे पुन्हा तेच ओव्हरफिटिंग, जुन्या डेटाच्या मापाने आकडे शिवणं, फक्त नाव मोठं.

पुरे झाला उपरोध. सर, १०:०७ आणि ३१ हे आकडे तुम्ही माझे ८६ हजार गेल्यानंतर, गेलेले ते तीन महिने डेटात घालून काढलेत. म्हणूनच ग्राफ चढताना दिसतो. चौकट तीन महिने सरकवून पुन्हा आकडे काढणं हे वॉक-फॉरवर्डचंच अर्धं काम आहे. उरलेलं अर्धं तुम्ही आमच्या पैशांवर करता, आणि निकाल लिहून ठेवत नाही.

आणि तुम्ही, पुढच्या रविवारी हॉलमध्ये बसणार असाल, तर तोंड उघडा. ९:४२ ला काय येतं विचारा. किती जोड्या तपासल्या विचारा. शेवटचं एक वर्ष निवडीपासून दूर, कुलपात ठेवलं होतं का, आणि ते किती वेळा उघडलं, विचारा. आमच्या वेळी चाळीस जण होतो, दोन सीए होते. एकानेही विचारलं नाही, मी तर नाहीच. वडे संपत आले होते.