मालकाचा पगार

आमच्या दुकानात कामाला असलेल्या पोऱ्यानं दोनशे रुपये उचल घेतली तरी मी तारखेसकट लिहून ठेवतो. महिनाअखेरीला पगारातून कापतो. पण त्याच गल्ल्यातून मी स्वतः किती उचलतो, ते तेरा वर्षांत एकदाही लिहिलं नव्हतं. भाजी, पेट्रोल, मुलाची फी, लग्नाचा आहेर, सगळं गल्ल्यातूनच. दुकान आपलं, गल्ला आपला, मग हिशोब कोणाला द्यायचा?

माझं तालुक्याच्या गावी किराणा दुकान आहे. रोजची विक्री साधारण वीस हजार. दोन वर्षं मला एकच कोडं पडलं होतं. गिऱ्हाईक कमी नाही, उधारी आटोक्यात, तरी होलसेलरची बाकी ९० हजारांवरून अडीच लाखांवर गेली. मी दर कमी मिळतोय, मार्जिन घटलंय अशी कारणं शोधत बसलो.

शेवटी बायकोनं गल्ल्याशेजारी बिलं टोचायचा खिळा ठोकला आणि सांगितलं, घरासाठी जे काही निघेल त्याची चिठ्ठी इथे टोचायची. एक महिना आम्ही ते केलं. पैशांचीही चिठ्ठी आणि मालाचीही. तेलाचा डबा, साखर, साबण, पाहुणे आले म्हणून फोडलेला फरसाण, सगळं खरेदीच्या भावानं.

महिन्याची विक्री सहा लाख. आमच्या मालावर सरासरी बारा टक्के सुटतात, म्हणजे ७२ हजार. भाडं १२, पोऱ्याचा पगार १२, लाईट, हमाली, पिशव्या मिळून ८. राहिले ४० हजार. आणि खिळ्यावरच्या चिठ्ठ्यांची बेरीज निघाली ४७ हजार. रोख साडेएकोणचाळीस, माल साडेसात. दर महिन्याला सात हजार आम्ही होलसेलरच्या पैशातून खात होतो. दोन वर्षांचे किती होतात ते तुम्हीच करा. कोडं सुटलं.

चूक होते ती इथे. संध्याकाळी गल्ल्यात वीस हजार दिसतात, पण त्यातले १७,६०० मालाचे असतात. उरलेल्या २,४०० मधून भाडं, पगार, लाईट गेल्यावर आपले म्हणावेत असे जेमतेम तेराशे. हात मात्र वीस हजारांच्या हिशोबानं आत जातो.

मग पगार ठरवला. तो चांगल्या महिन्यावर नाही, मंदीच्या महिन्यावर ठरवायचा, हे माझं ठाम मत आहे. दिवाळीची विक्री बघून पगार धराल तर पावसाळ्यात पुन्हा गल्ल्यात हात जाणारच. आमच्या सगळ्यात पडेल महिन्यात ३६ हजार उरतात. म्हणून रोख २८ आणि घरचा किराणा ६, एकूण ३४. रोखीतले ८ हजार बायकोचे, कारण दुपारी चार तास दुकान ती सांभाळते. तिच्या जागी माणूस ठेवला तर तो फुकट येणार नाही.

दुकानाच्या नावानं करंट खातं काढलं आणि काउंटरवरचा क्यूआर कोड त्याला जोडला. आधी तो माझ्या सेव्हिंग खात्याला होता, त्यामुळे गिऱ्हाइकाचे पैसे आणि घराचा हप्ता एकाच पासबुकात. आता पाच तारखेला करंटमधून २८ हजार घरच्या खात्यात आपोआप जातात. माझ्या फोनवर फक्त घरचं खातं ठेवलंय.

पहिले दोन महिने वीस तारखेलाच पैसे संपले. तेव्हा पोऱ्याचाच नियम स्वतःला लावला: उचल घ्यायची तर लिहून घ्यायची आणि पुढच्या पगारातून कापायची. तिसऱ्या महिन्यात २४ हजारच हातात आले, तेव्हा कुठे रोजचे तीनशे-चारशे रुपये कुठे जातात ते घरात सगळ्यांनी बघायला सुरुवात केली.

एक गैरसमज मात्र काढून टाका. एकट्याच्या मालकीचं दुकान असेल तर हा पगार आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. वहीत तो मालकाची उचल म्हणूनच लागतो आणि कर पूर्ण नफ्यावरच बसतो. भागीदारी असेल आणि करारात लिहिलेलं असेल तर भागीदाराचा पगार ठरावीक मर्यादेपर्यंत खर्चात जातो. ते तुमच्या सीएला विचारा. आणि दुकानात उरतच २० हजार असतील नि घराला ३० लागत असतील, तर पगार ठरवून ते १० हजार येणार नाहीत. मग विक्री, मार्जिन किंवा दुसरं उत्पन्न यांचाच विचार करावा लागेल. निदान ते उशिरा कळणार नाही.

आता चौदा महिने झाले. सरासरी सहा हजार महिन्याला मागे राहतात, ते सगळे होलसेलरकडे जातात. वाढलेल्या १,६०,००० पैकी ८४ हजार फिटले, ७६ अजून आहेत. ते फिटेपर्यंत पगार वाढवायचा नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय. खिळा अजून तिथेच आहे. काल रात्री शटर ओढताना बायकोनं विचारलं, "अहो, सकाळी नेलेल्या शेंगदाण्यांची चिठ्ठी टोचली का?" टोचली नव्हती. शटर पुन्हा वर केलं.