तांबीविषयीचा फॉरवर्ड

“तांबी दर महिन्याला गर्भ पाडते. मूल न झालेल्या बाईने ती कधीच बसवू नये. त्यापेक्षा गोळ्या घ्या, कुणालाही चालतात आणि फसतही नाहीत.”

तांब्याचे कण शुक्रजंतूंना निकामी करतात, त्यामुळे मुख्यतः फलनच होत नाही. गर्भच राहत नाही, तिथे पाडायचं काय? मूल न झालेल्या बाईलाही तांबी बसवता येते. बसवताना थोडं जास्त दुखू शकतं आणि ती निसटण्याची शक्यता किंचित जास्त, एवढंच.

“फसत नाहीत” हे मात्र नीट बघायला हवं. वर्षभरात शंभर बायकांमागे तांबी एखादीलाच दगा देते. गोळी न चुकता घेतली तर तीही तितकीच भरवशाची, पण रोजच्या धबडग्यात धरलं तर सात-आठ जणींना दिवस जातात. दोष विसरण्याचा. माला-एनच्या पाकिटात २१ गोळ्या संप्रेरकाच्या आणि ७ लोहाच्या असतात. लोहाची एखादी राहिली तर बिघडत नाही. नवं पाकीट दोन दिवस उशिरा उघडलं तर खरी पंचाईत, कारण सात दिवसांची सुट्टी नऊ दिवसांची होते आणि बीजकोश जागा होतो. लागोपाठ दोन गोळ्या चुकल्या तर आठवताक्षणी एक घ्यायची, पुढच्या नेहमीच्या वेळी चालू ठेवायच्या आणि सात दिवस कंडोम वापरायचा.

आता “कुणालाही चालतात”. सगळ्यात घातक वाक्य हेच आहे. समजा, घणसोलीची ३६ वर्षांची बाई ऐरोलीत रात्रपाळी करते. अर्धं डोकं दुखायच्या आधी तिच्या डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा येतात. अशा अर्धशिशीत माला-एनसारखी इस्ट्रोजेन असलेली गोळी देत नाहीत, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. रक्तदाब १६०/१०० च्या वर, पायात गुठळी झालेली, पस्तिशीनंतर सिगारेट, बाळंतपणाला सहा आठवडे न झालेली अंगावर पाजणारी आई: इथेही नकारच. क्षयरोगाची रिफाम्पिसिन चालू असेल तर गोळीचा असरच घटतो.

घणसोलीच्या या बाईला तांबी चालेल, मात्र आधी पाळीचा स्राव विचारायचा आणि हिमोग्लोबिन बघायचं. पहिले तीन ते सहा महिने तांबीने स्राव आणि पोटदुखी वाढते. आधीच पॅडवर पॅड बदलावे लागत असतील तर छाया ही संप्रेरक नसलेली गोळी बरी: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. यकृताचा आजार किंवा पीसीओडी असेल तर तीही नको. गर्भाशयात संसर्ग चालू असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर निदान होईपर्यंत तांबी बसवत नाहीत.

बसवल्यावर पहिले काही महिने पाळी संपली की बोटाने तांबीचा दोरा चाचपायचा. लागला नाही, किंवा टोक कडक टोचलं, तर तपासणी होईपर्यंत कंडोम वापरायचा आणि सोनोग्राफी करून घ्यायची.