गट्टी

आमच्या घरात पनीर आलं ते लेकीच्या प्रेमप्रकरणामागून. तोवर बेळगावात, शहापुरातल्या आमच्या गल्लीत, बुधवार आणि रविवार मटणाचे, सोमवार उपासाचा आणि उरलेले दिवस आमटी-भाताचे अशी घडी बसलेली होती. दूध फाटलं तर आई कपाळाला हात लावायची आणि साखर घालून ते आटवायची. फाटलेल्या दुधाला पैसे मोजणारी माणसं असतात, यावर तिचा विश्वास नव्हता. लेकीनं हुबळीच्या ऑफिसात धारवाडचा मुलगा पसंत केला आणि होणारे व्याही-विहीण पक्के शाकाहारी निघाले, तेव्हा पहिल्या जेवणाला पनीर करायचं ठरलं. त्याच आठवड्यात बायको न्हाणीत घसरली आणि तिचा उजवा हात प्लॅस्टरात गेला. करणारा मी. सांगणारी ती, खुर्चीत बसून.

मला मटण बरं येतं, हे मी कबूल करतो. घात झाला तो त्यामुळेच. पनीरचे तुकडे मी तेलात चांगले तांबूस होईपर्यंत परतले, मग रश्श्यात सोडले आणि झाकण ठेवून वीस मिनिटं खदखदू दिले. मटणाला तास लागतो, याला वीस मिनिटं तरी नकोत का? शंका म्हणून एक तुकडा डावानं दाबून पाहिला. तो कठीण लागला, म्हणजे कच्चा असणार, म्हणून आणखी दहा मिनिटं शिजवला.

जेवताना व्याही बराच वेळ एकच घास चावत होते. दाताखाली करकर असा, नवी चप्पल घालून कुणी फरशीवर चालल्यासारखा आवाज येत होता. मग ते विहीणबाईंकडे झुकून हळूच म्हणाले, "गट्टी ऐति."

जन्म बेळगावात गेला तरी माझं कन्नड बसचा कंडक्टर आणि भाजीवाली यांच्यापलीकडे गेलेलं नाही. पण हा शब्द माझ्या ओळखीचा होता. मी ताट सोडून उठलो, व्याह्यांचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "व्हय की! आता आपली गट्टीच गट्टी!" ते हसले. विहीणबाईही हसल्या. लेक मात्र ताटात बघत होती.

पाहुण्यांची गाडी गल्लीच्या तोंडाला वळल्यावर ती म्हणाली, "बाबा, गट्टी म्हणजे कडक."

रात्रभर मला झोप नाही. पंधरवड्यानं ते साखरपुड्याची तारीख काढायला पुन्हा येणार होते, आणि बायकोचं प्लॅस्टर सहा आठवड्यांचं होतं.

दुसऱ्या दिवशी आई ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. मी तिच्यापुढं कैफियत मांडली. तिनं एकच प्रश्न विचारला. "दहीवड्याचे वडे तळल्यावर काय करतोय आपण?"

"दह्यात टाकतो."

"थेट? लेका, आधी कोमट पाण्यात टाकतोय नव्हं? तळल्यावर ते कडक असतात, पाणी पितात आणि मऊ होतात. तुझं ते फाटकं दूध काय वेगळं असणार? टाक की पाण्यात."

पनीरचा तुकडाही आयुष्यात न चाखलेली बाई शेंग सोलता सोलता हे सांगून मोकळी झाली. वडा आणि पनीर काही एक नाही, पण युक्ती लागू पडते, आणि का पडते हे मला नंतर उमगलं. मटणात चिवट धागे असतात. ते पाण्यात सावकाश शिजले की विरघळतात, म्हणून मटण जितकं शिजेल तितकं मऊ. पनीरमध्ये विरघळण्यासारखं असं काही नसतं. लिंबू पिळून दूध फाडलं की त्यातल्या प्रथिनांचं एक जाळं तयार होतं आणि त्या जाळ्यात पाणी आणि लोणी अडकून बसतं. निम्म्याच्या आसपास वजन तर पाण्याचंच. पनीरचा मऊपणा म्हणजे हे अडकलेलं पाणी. आच देत गेलं की जाळं आवळतं आणि पाणी बाहेर पिळून टाकतं. म्हणजे मी त्या दिवशी अर्धा तास पनीर शिजवत नव्हतो, पिळत होतो.

शनिवारी पाव किलो पनीर आणून तालीम केली. बायको खुर्चीत, प्लॅस्टर टेबलावर. पाऊण इंचाचे चौकोनी तुकडे केले. पाकिटातलं पाणी न पुसताच ते मी तापल्या तेलात सोडले, आणि पुढची दोन मिनिटं आम्ही दोघंही फ्रिजच्या आडोशाला होतो. दिवाळीत लवंगी माळ उडते तसं तेल उडत होतं. "पुसायचे असतात ओ," बायको फ्रिजमागून म्हणाली. हे आधी सांगायला तिला प्लॅस्टर आडवं आलं नव्हतं, पण मी बोललो नाही.

पुढचे तुकडे फडक्यावर टिपून घेतले. कढईऐवजी तवा घेतला, त्यावर दोन चमचे तेल, मध्यम आच. तुकडे सुटे सुटे ठेवले, कारण गर्दी झाली की ते पाणी सोडतात आणि तळायच्या ऐवजी वाफवले जातात. खालची बाजू पाऊण मिनिटात फिकट सोनेरी झाली, लग्नाच्या जुन्या अंगठीसारखी. उलटवून तेवढाच वेळ दुसरी बाजू. चारही कडांना रंग आणायचा मोह झाला होता, तो आवरला. रंग तांबूसकडे गेला की समजावं, साल जाड झाली आणि आतलं पाणी उडालं.

"मग तळायचंच कशाला?" आईनं दारातून विचारलं. प्रश्न रास्त होता. चार तुकडे न तळता रश्श्यात घालून पाहिले. मऊ राहिले, पण डाव फिरवल्यावर त्यांचे कोपरे गेले आणि रस्सा दह्याच्या फोडणीसारखा दिसू लागला. तळल्यानं तुकड्याला पातळशी कातडी येते, ती त्याला धरून ठेवते आणि खमंगपणाही देते. कातडी हवी, पण कागदाएवढी. तिचा कडकपणा पाण्यानं उतरवायचा.

पाण्याचं मात्र चुकत चुकत जमलं. मटणाची खोड जाईना, म्हणून पहिल्यांदा उकळतं पाणी ओतलं आणि वर पातेलं बारीक गॅसवर ठेवलं. वीस मिनिटांनी पुन्हा करकर. आच लागत राहिली की पाण्यात असूनही जाळं आवळायचंच. दुसऱ्या वेळी पाणी बरोबर होतं, पण शेजारच्या काकांचा फोन आला. विषय होता सीमाप्रश्न. बेळगावात हा विषय दीड तासाच्या आत संपल्याचं कुणी पाहिलेलं नाही. परत आलो तर तुकडे फुगून पांढुरके झालेले, बोटाला कडा चिकटत होत्या आणि चव पाण्यात गेलेली. पाणी तेवढं चविष्ट लागत होतं.

तिसऱ्या वेळी जमलं. अर्धा लिटर पाणी गरम करून गॅस बंद केला. बोट घातलं तर ठेवता येतं, पण ठेवावंसं वाटत नाही, इतपत ऊन. त्यात अर्धा चमचा मीठ. मीठ नसेल तर तुकडा पाणी पिऊन फिका होतो, असेल तर आतपर्यंत चव जाते. तव्यावरून तुकडे थेट पाण्यात टाकले. चुर्र आवाज झाला, पाण्यावर तेलाचे बारीक थेंब तरंगले. झाकण ठेवलं आणि या खेपेला फोन बंद करून घड्याळ समोर घेऊन बसलो. पंधरा मिनिटांनी एक तुकडा काढला. मधोमध बोटानं दाबला तर खळगा पडला आणि सावकाश भरून आला. मोडला तर आत ओलसर, दाणेदार. आई म्हणाली, "दाखव." तिनं वास घेतला आणि परत दिला.

तुकडे रश्श्यात घालायचे ते अगदी शेवटी. वाटण परतून, टोमॅटो आटवून, तेल सुटून, रस्सा पूर्ण तयार झाल्यावर. पाण्यातून काढून न पिळता नुसते निथळायचे, गॅस बारीक करायचा आणि दोन-तीन मिनिटं. खदखद दिसली की समजायचं, गट्टी होणार. दाट रस्सा सैल करायला तेच भिजवणीचं पाणी घातलं. त्यात मीठ असतं हे मी विसरलो, म्हणून तालमीचा रस्सा खारट झाला. तो आम्ही तीन दिवस खाल्ला.

पाहुणे यायच्या सकाळी मी धाकट्याला पनीर आणायला पाठवलं. त्यानं पाकीट न आणता सुटं आणलं, पन्नास रुपये वाचवले म्हणून खूश. बोटानं दाबलं तर खळगा पडेचना, टायरसारखं परत उसळी घेत होतं. एक कपटा चावला. करकर. तळायच्या आधीच! साय काढलेल्या दुधाचं पनीर असं होतं. जाळ्यात लोणीच नाही, नुसती प्रथिनं घट्ट एकमेकांना धरून. त्याला ऊन पाण्यात ठेवा नाहीतर गंगेत बुडवा, ते मऊ होणार नाही. मी तरी अर्धा तास प्रयत्न केला. मग धाकट्याला दुसऱ्या दुकानात पिटाळलं आणि सायीच्या दुधाचं आणवलं. पहिल्याचा किसणीवर किस केला. आज रात्री भुर्जी. किसल्यावर तरी ते वाद घालत नाही.

व्याही धारवाडचे पेढे घेऊन आले, आमच्याकडून कुंदा तयार होता. दूध आटवण्यात दोन्ही गावं हुशार, म्हणून फाडलेल्या दुधाची परीक्षा अवघड. पानं वाढली. मी डाव हातात घेऊन उभाच राहिलो. व्याह्यांनी तुकडा चमच्यानं दाबला. तो दुभंगला. तोंडात घातला. आवाज नाही. दुसरा घातला. मग विहीणबाईंकडे वळून म्हणाले, "मेत्तग ऐति."

या वेळी मी सावध होतो. बोललो नाही, उठलो नाही, कुणाचा हात धरला नाही. लेकीकडे पाहिलं. ती हसत होती. म्हणजे मऊ आहे! मऊ!

तेवढ्यात आई गुडघ्यावर हात ठेवून उठली. "मेतकूट पायजे म्हणालेत नव्हं? सांगायचं की आधीच!" आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं फडताळातली बरणी आणून व्याह्यांच्या पनीरवर दोन चमचे मेतकूट घातलं.

व्याह्यांनी एकदा बरणीकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग सगळं नीट कालवलं, चाटूनपुसून खाल्लं आणि वाटी पुढं केली. आईनं परत बरणी उघडली.