१०८ मेगापिक्सेलचा फोटो एक्स्पोर्ट करताना धूसर होणे आणि ॲप बंद पडणे: आपल्या अभिप्रायास उत्तर

“१०८ मेगापिक्सेलचा फोटो, त्यावर थोडी डागडुजी आणि मजकूर, एवढंच काम. जेपीईजीत एक्स्पोर्ट केला तर अक्षरं धूसर. १६ बिट पीएनजीत केला तर ॲप अर्ध्यातच बंद, काही मेसेजसुद्धा नाही. फाइल जेमतेम २८ एमबीची, फोनला रॅम ६ जीबी, मग मेमरी कमी पडते कशी? एडिट करताना तर सगळं स्पष्ट दिसत होतं. ४० बाय ३० इंचाची प्रिंट काढायची होती. पूर्ण आवृत्तीचे पैसे भरून हे मिळालं. एक स्टार.”

सप्रेम नमस्कार,

आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे आणि ते २८ एमबी या आकड्यापाशी सापडते. हा आकडा फोटो साठवून ठेवलेल्या स्थितीतला, म्हणजे आकसलेल्या स्थितीतला आहे. फोटोवर काम करायचे असेल, तर ॲपला त्यातला प्रत्येक पिक्सेल मेमरीत उलगडून ठेवावा लागतो आणि तिथे जेपीईजीच्या आकसण्याचा काहीही उपयोग होत नाही. आपला फोटो १२,००० बाय ९,००० पिक्सेलचा आहे, म्हणजे त्यात १० कोटी ८० लाख पिक्सेल आहेत. नेहमीच्या ८ बिट पद्धतीत लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता मिळून एका पिक्सेलला ४ बाइट लागतात. त्यामुळे डिस्कवर २८ एमबी भरणारा हाच फोटो मेमरीत सुमारे ४३२ एमबी जागा घेतो.

हा हिशेब एका लेयरचा झाला. आपल्या कामात मूळ फोटो, डागडुजीचा लेयर आणि मजकुराचा लेयर असे तीन लेयर आहेत, आणि एक्स्पोर्ट करताना ते एकत्र करून तयार होणारे अंतिम चित्र हे चौथे. मजकुराचा लेयर पडद्यावर कितीही मोकळा दिसत असला, तरी एकत्र करण्याच्या वेळी त्याचीही पूर्ण आकाराची प्रत तयार होते, कारण रिकाम्या जागेचा पिक्सेलही पिक्सेलच असतो. चार वेळा ४३२ म्हणजे सुमारे १.७ जीबी. फोनची रॅम ६ जीबी असली, तरी तिच्यातला मोठा वाटा फोनची यंत्रणा आणि मागे चालू असलेली इतर ॲप्स वापरत असतात, आणि कोणत्याही एका ॲपला उरलेली सगळी रॅम घेण्याची मुभा नसते. मर्यादा ओलांडली जाते आहे असे यंत्रणेला दिसले की ती ते ॲप थेट बंद करते आणि त्याआधी ॲपला बोलण्याची संधी देत नाही. आपल्याला कोणताही मेसेज दिसला नाही, तो यामुळेच. तो दाखवायला आमचे ॲप चालूच राहिले नव्हते.

आता धूसर जेपीईजीविषयी. एक्स्पोर्टच्या पडद्यावर ‘आकार’ या सेटिंगमध्ये सुरुवातीला ‘आपोआप’ हा पर्याय निवडलेला असतो. हा पर्याय त्या क्षणी किती मेमरी मोकळी आहे याचा अंदाज घेतो, आणि ती पुरणार नाही असे वाटले तर फोटोची रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी करून काम पूर्ण करतो. आपल्या बाबतीत १२,००० बाय ९,००० चे ६,००० बाय ४,५०० झाले असणार. बाजू निम्म्या झाल्या की पिक्सेल पाव होतात, त्यामुळे चारही प्रती मिळून ४३२ एमबीत बसल्या आणि एक्स्पोर्ट यशस्वी झाला. पडद्यावर पाहण्यासाठी किंवा कोणाला पाठवण्यासाठी हा फोटो भरपूर मोठा आहे आणि बहुसंख्य वापरकर्त्यांचे काम त्यात निभते, म्हणूनच हा पर्याय ठेवलेला आहे.

४० इंच रुंदीच्या प्रिंटला मात्र तो पुरत नाही. १२,००० पिक्सेल ४० इंचांत पसरले, तर इंचाला ३०० पिक्सेल मिळतात आणि जवळून पाहिले तरी प्रिंट रेखीव दिसते. ६,००० पिक्सेल तेवढ्याच जागेत पसरले, तर इंचाला १५० उरतात. निसर्गदृश्यात, किंवा थोड्या अंतरावरून पाहायच्या प्रिंटमध्ये हे चालून जाते, पण अक्षरांत चालत नाही. मूळ आकारात ४ पिक्सेल जाडीची शिरोरेघ निम्म्या आकारात २ पिक्सेलची होते, तिच्या वर आणि खाली अर्धवट रंगाची एक किनार येते, आणि ती किनार कागदावर दुप्पट रुंद उमटते. अनुस्वाराचा टिंब तर कडा हरवून नुसता ठिपक्यासारखा दिसू लागतो. आपल्याला फोटोपेक्षा अक्षरांत दोष आधी जाणवला, तो याच कारणाने.

एडिट करताना सगळे स्पष्ट दिसत होते, हे आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे. काम करताना ॲप मूळ फोटोची लहान प्रत पडद्यावर ठेवते आणि आपण केलेले बदल फक्त नोंदवून घेते. प्रत्येक बोटाच्या हालचालीबरोबर १० कोटी पिक्सेल नव्याने मोजत बसले, तर फोन अडखळेल. पडदा काही लाख पिक्सेलांचाच असल्यामुळे ती लहान प्रत त्यावर रेखीव दिसते. नोंदवलेले बदल मूळ फोटोवर खरोखर लागू होतात ते एक्स्पोर्टच्या वेळी, आणि मेमरीचा सगळा भार त्याच क्षणी पडतो.

फॉरमॅट बदलून हा भार कमी होत नाही, हे मला विशेष करून सांगावेसे वाटते, कारण धूसर फोटो मिळाला की बहुतेक जण जेपीईजी सोडून पीएनजी निवडतात. पीएनजीत तपशील गमावला जात नाही, हे खरेच. परंतु चित्र आधी निम्मे झाले असेल, तर पीएनजी ते निम्मे चित्रच तंतोतंत जपून ठेवते. आपण त्याच्या जोडीला १६ बिट निवडले. त्या पद्धतीत एका पिक्सेलला ४ ऐवजी ८ बाइट लागतात, म्हणजे एका लेयरला ८६४ एमबी आणि चार प्रतींना जवळपास साडेतीन जीबी. ६ जीबीच्या फोनवर एवढी मेमरी मिळणे शक्य नव्हते आणि ॲप बंद पडले. आपला मूळ फोटो ८ बिट जेपीईजी असल्यामुळे १६ बिटमध्ये लिहून त्यात नसलेला तपशील येणारही नव्हता. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलवर काम करताना, किंवा आकाशासारख्या हळूहळू बदलत जाणाऱ्या छटांवर मोठे फेरफार करताना १६ बिटचा खरा फायदा होतो.

आपल्या प्रिंटसाठी मी पुढील क्रम सुचवतो. प्रथम प्रकल्पाची एक प्रत करून ठेवावी, म्हणजे मजकूर पुढे कधी बदलावासा वाटला तर लेयर सुटे मिळतील. मग दुसऱ्या प्रतीत डागडुजीचा लेयर मूळ फोटोत विलीन करावा. मजकूर सुटाच राहू द्यावा, कारण तो एक्स्पोर्टच्या वेळी मूळ आकारात नव्याने रेखला जातो आणि त्याच्या कडा अधिक नेटक्या येतात. त्यानंतर एक्स्पोर्टच्या पडद्यावर ‘आकार’ या ठिकाणी ‘मूळ’, फॉरमॅट जेपीईजी, गुणवत्ता ९५ आणि ‘रंगतपशील’ या ठिकाणी ‘पूर्ण’ निवडावे. शेवटच्या सेटिंगकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, पण रंगीत अक्षरांसाठी ते महत्त्वाचे आहे. फाइल लहान व्हावी म्हणून जेपीईजीत बऱ्याचदा उजेड-अंधाराचा तपशील प्रत्येक पिक्सेलसाठी आणि रंगाचा तपशील मात्र दोन बाय दोन पिक्सेलांच्या गटासाठी एकच ठेवला जातो. चेहऱ्यात किंवा झाडांत हे डोळ्यांना कळत नाही, परंतु निळ्या पार्श्वभूमीवरच्या लाल अक्षराची कड त्यामुळे पसरते, मग फोटो पूर्ण आकाराचा असला तरीही.

यासोबत ‘प्रगत’ विभागातील ‘पट्ट्यांमध्ये एक्स्पोर्ट’ हा पर्याय चालू करावा. तो चालू असताना ॲप संपूर्ण चित्र एकदम उलगडत नाही, तर १,०२४ ओळींची एकेक आडवी पट्टी तयार करून फाइलमध्ये लिहीत जाते. आपल्या फोटोच्या अशा एका पट्टीला सुमारे ४९ एमबी पुरतात, आणि सर्व लेयर धरूनही आकडा २०० एमबीच्या आत राहतो. जेपीईजी आणि पीएनजी हे दोन्ही फॉरमॅट वरून खाली ओळीओळीने लिहिता येतात, म्हणून हे जमते.

हा पर्याय आम्ही सुरुवातीपासून चालू ठेवत नाही, कारण त्याच्या मर्यादा आहेत. एक्स्पोर्टला बराच अधिक वेळ लागतो आणि तेवढा वेळ ॲप पडद्यावर उघडे ठेवावे लागते, कारण मागे गेलेले ॲप यंत्रणा केव्हाही थांबवू शकते. धूसर करणे किंवा धार वाढवणे या फिल्टरांना शेजारचे पिक्सेलही लागतात, त्यामुळे प्रत्येक पट्टीबरोबर वरच्या-खालच्या काही जादा ओळी वाचाव्या लागतात, नाहीतर दोन पट्ट्यांच्या सांध्यावर रेघ दिसते. फोटो तिरपा फिरवणे किंवा दृष्टिकोन सुधारणे यासाठी तर फोटोचा कोणताही भाग केव्हाही लागू शकतो, म्हणून अशा बदलांसह पट्ट्यांचा पर्याय ॲप स्वीकारत नाही. आपल्या कामात असा बदल असल्यास तो आधी एकट्या मूळ फोटोवर करून त्याची फाइल तयार करावी आणि मग तिच्यावर मजकूर चढवावा.

फाइल तयार झाल्यावर फोनच्या गॅलरीत फोटोचा तपशील उघडून रुंदी आणि उंची पाहावी. तिथे १२,००० बाय ९,००० दिसत असेल, तर आकार पूर्ण आहे आणि तरीही धूसरपणा उरला असेल तर कारण गुणवत्तेत किंवा रंगतपशिलात शोधावे. ६,००० बाय ४,५०० दिसत असेल, तर ‘आपोआप’ अजून चालू आहे. याहून बरेच लहान आकडे दिसले, तर फाइल बहुधा एखाद्या मेसेजिंग ॲपमधून फोटो म्हणून गेलेली आहे. प्रिंट काढणाऱ्याकडे ती डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावी.

आकार कमी होणार असल्याची सूचना सध्या एक्स्पोर्टच्या पडद्यावर सर्वांत खाली, एका ओळीत येते. मोठी प्रिंट काढू पाहणाऱ्याच्या फोटोचा आकार त्याची परवानगी घेतल्याशिवाय बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून पुढील आवृत्तीत ‘आपोआप’ आकार घटवणार असेल, तेव्हा ॲप आधी मूळ आणि नवा असे दोन्ही आकडे दाखवून विचारणा करेल, आणि मेमरी पुरणार नाही हे आधीच दिसत असेल तर १६ बिटचा पर्याय निवडू देणार नाही.

वरील क्रमाने करूनही फोटो मूळ आकारात मिळाला नाही, तर ॲपमधील ‘मदत’ विभागातून आम्हांला फोनचे मॉडेल, लेयरची संख्या आणि एक्स्पोर्टच्या पडद्याचा स्क्रीनशॉट पाठवावा. फोटो पाठवण्याची गरज नाही. आपल्या फोनवर हे काम होऊच शकत नाही असे त्यावरून दिसले, तर आपण पूर्ण आवृत्तीसाठी भरलेली सर्व रक्कम आम्ही परत करू.