रट्टा आणि वळण: एक खुलासा

“लहानपणी दोन रट्टे दिले तरच लेकरू वळणावर येतं, हे फिरतंय ते खरंय का?”

नाही. रट्ट्यानं लेकरू त्या क्षणी थांबतं, म्हणून तो लागू पडल्यासारखा वाटतो.

आमच्या लातूरकडं उन्हाळ्यात टँकरचं पाणी. तीन वर्षांची पोर रांजणातलं सांडते. आजीनं मारलं, तर आजी नसताना सांडायचं एवढंच ती शिकते. त्याऐवजी तांब्या काढून घ्या, फडकं देऊन पुसायला लावा. दर वेळी हेच, आरडाओरडा न करता. आठवडे लागतात, आज माफ उद्या शिक्षा झालं की फिसकटतं.

मारानं पोरं आक्रमक होतात म्हटलं, की मुळात खट्याळ पोरांनाच जास्त मार बसतो असा आक्षेप येतो, आणि तो रास्त. पण सुरुवातीचा खट्याळपणा हिशेबात धरूनही, मार खाल्लेली पोरं पुढं जास्त आक्रमक झालेली अनेक अभ्यासांत दिसली.