आठची मॅच अकराला

इंदुरात जानेवारीत मावठ्याचा पाऊस पडला की गहूवाले खुश होतात आणि टेनिस बॉलची टुर्नामेंट भरवणारा माणूस मुकाट्यानं फोन चार्जिंगला लावतो.

शनिवारी रात्री तासभर पडला. रविवारी उजाडताच मी मैदानावर. माळव्याची काळी माती भारी फसवी. उन्हाची तिरीप लागली की वरून पापडासारखी सुकते, आत बोटभर ओल तशीच. क्रीजपाशी टाच दाबून फिरवली, तर खड्डा पडला आणि तळाला पाणी चमकलं. नेमका तिथंच बॉलरचा पुढचा पाय आदळतो. रोलर फिरवावा तर ओली माती त्यालाच चिकटून पिचचे पोपडे निघतात. म्हणून ताडपत्री काढली, क्रीजवर लाकडाचा भुसा पसरला आणि बाकीचं उन्हावर सोडलं.

मग हिशोब. दहा-दहा ओव्हरची मॅच दीड तासाची. चार मॅचेस, म्हणजे सहा तास. अकराला सुरू केल्या तर पाचला संपतात आणि सूर्य मावळतो सहाच्या सुमारास. बसतंय. ग्रुपवर टाकलं: ‘मैदान ओलं आहे. मॅचेस ११, १२.३०, २ आणि ३.३० वाजता.’ आठही कॅप्टननी अंगठा दाखवला.

नंतर फोन सुरू झाले. पहिल्या मॅचचा कॅप्टन म्हणाला, “भिया, आमच्या गल्लीत तर कोरडं आहे!” मी म्हटलं, गल्ली डांबरी आहे. दुसऱ्यानं ताडपत्री पुन्हा टाकायला सुचवलं. त्याला सांगितलं, उन्हात झाकलं की आतली वाफ ताडपत्रीला धरते आणि परत पिचवरच ठिबकते. तिसऱ्याचा ओपनर दुपारी साखरपुड्याला चालला होता. कोणाच्या, विचारल्यावर कळलं, स्वतःच्याच. त्याची मॅच दोनची होती, ती साडेतीनला ढकलावी असा आग्रह. साखरपुडा उरकून थेट येतो म्हणे! मी होणाऱ्या सासऱ्यांचा नंबर मागितला, तेव्हा विषय मिटला.

खरं भांडण मात्र पहिल्या मॅचच्या दोन्ही कॅप्टनांचं. ‘ओल्यावर आम्हीच का? चौथ्या मॅचला सुकं पिच मिळणार!’ मुद्दा चुकीचा नव्हता. ओल्या पिचवर बॉल थांबून येतो. आधी बॅटिंग करणाऱ्याचे हाल होतात. पण सगळ्यांनीच चौथी मॅच मागितली तर पहिली खेळायची कोणी? मी म्हटलं, टॉस आहे की, जिंकून फिल्डिंग घ्या. दोघेही एका सुरात म्हणाले, “टॉस हरलो तर?”

पोह्यांवर मात्र आठही संघांचं लगेच एकमत झालं. मॅच अकराला, पण पोहे-जलेबी आठलाच हवी. कढई मांडलेली होती, नाही तरी कसं म्हणणार? आठाच्या ठोक्याला झाडून सगळे हजर! प्लेटा घेऊन थेट पिचवर उभे राहिले आणि टाचा रुतवत पिच कितपत ओलं आहे याची चर्चा करू लागले. ते खड्डे भरून कोरडे होईस्तोवर पावणेबारा वाजले. आठ-आठ ओव्हर्स केल्या. ते कळवलं, तेव्हा पुन्हा आठ अंगठे आले आणि लगेच फोन वाजला.